‘गार्ड’मधला यू : 35 जॅकेटांचं एक प्रकरण

बेळगावातल्या वडगावात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्याच्याकडे एक काम आलं. उद्यमबागेतल्या कारखान्यांना राखणदार पुरवणाऱ्या एका एजन्सीला 35 जॅकेटांच्या पाठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘सिक्युरिटी गार्ड’ छापून हवं होतं. काम वेळेत झालं, जॅकेटं गेली. चार दिवसांनी एका राखणदाराच्या नववीतल्या मुलीनं खुंटीवरच्या जॅकेटावरचा शब्द वाचला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मला विचारलं, “सर, गार्डमध्ये यू आधी की ए आधी?”

जॅकेटावर छापलं होतं जी-ए-यू-आर-डी. हवं होतं जी-यू-ए-आर-डी.

कापडावर पक्की बसलेली शाई निघत नाही. शेवटी काळ्या कापडाच्या पट्ट्यांवर तोच शब्द नीट छापून त्या जुन्या अक्षरांवर शिवाव्या लागल्या. कापडाचे आणि शिलाईचे पैसे त्यानं स्वतःच्या खिशातून भरले. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा पैशाबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, “सर, किती वर्षं झाली हा शब्द लिहूलालोय की मी. एकदा पण डोळ्याला खटकला नाही.”

मला काळजी वाटली ती या दुसऱ्या वाक्याची. घाईत बोट चुकलं असतं तर पुन्हा बघताना ते दिसलं असतं. इथे चुकीचा शब्दच त्याला बरोबर दिसत होता. असा शब्द दहा वेळा तपासला तरी दहाही वेळा सुटतो. म्हणून मी ठरवलं की हे प्रकरण नीट तपासायचं.

पहिला प्रश्न कॉम्प्युटरचा. तो मजकूर आधी वर्डमध्ये टाइप करतो, मग डिझाइनमध्ये नेतो. चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ यायला हवी होती, ती आली नव्हती. कारण साधं निघालं. जॅकेटावर सगळी अक्षरं कॅपिटल हवीत म्हणून त्यानं टाइपही कॅपिटलमध्येच केलं होतं, आणि वर्डमध्ये `File > Options > Proofing` इथे `Ignore words in UPPERCASE` ही खूण मुळातच लावलेली असते. म्हणजे पूर्ण कॅपिटल शब्द तो तपासतच नाही. पाट्या, जॅकेटं, शिक्के, बॅनर या सगळ्यांवर कॅपिटल अक्षरंच असतात, त्यामुळे ज्या मजकुराला तपासणीची सर्वांत जास्त गरज, तोच बिनतपासता जातो. ती खूण काढून टाकली. पण हाताला आणि डोळ्याला लागलेली सवय तशीच होती.

मग मी त्याला कागद-पेन दिलं आणि 10 शब्द सांगितले. गार्ड, गॅरंटी, गेस, गाइड, गेस्ट, गिटार, गार्डन, गिफ्ट, गर्ल आणि लँग्वेज. गेस, गाइड आणि गेस्ट त्यानं न अडखळता बरोबर लिहिले. गिटारमधला यू पूर्ण गाळला. गार्ड पुन्हा जी-ए-यू. गॅरंटीही जी-ए-यू. मी मुद्दाम पाच मिनिटांनी गॅरंटी परत विचारला, तर या वेळी त्यात यूच नव्हता. गार्डन, गिफ्ट, गर्ल आणि लँग्वेज बरोबर.

या निकालात एक रेघ स्पष्ट दिसते. जिथे न ऐकू येणाऱ्या यूच्या पुढे ई किंवा आय आहे, तिथे यू कधी गळतो, पण जागा सोडत नाही. जिथे पुढे ए आहे, तिथे मात्र तो एच्या पलीकडे उडी मारतो. शाळेत आपण गेस, गाइड, गार्ड आणि गॅरंटी या चार शब्दांना एकाच माळेत ओवतो, ‘यू सायलेंट’ म्हणतो आणि पुढे जातो. पण त्यातले दोन शब्द एका कारणानं यू बाळगतात आणि दोन दुसऱ्याच कारणानं. चूकही त्या दुसऱ्या जोडीतच होत होती.

सोपी जोडी आधी. इंग्रजीतला जी दोन आवाज काढतो. ए, ओ, यू यांच्यापुढे तो ‘ग’ असतो : गेम, गोल्ड, गम. ई, आय, वाय यांच्यापुढे आला की पुष्कळ वेळा ‘ज’ होतो : जेम, जायंट, जिम. आता गाइडमधला यू काढून बघा. जी-आय-डी-ई राहील आणि वाचणारा ‘जाइड’ म्हणायला मोकळा होईल. गेसमधला काढला तर ‘जेस’. जी आणि ई यांच्यामध्ये यू उभा राहतो तो जीचा ‘ग’ टिकवण्यासाठी. तो स्वतः बोलत नाही, पण त्याची जागा कामामुळे ठरलेली आहे : जीच्या लगेच पुढे. ईच्या पलीकडे गेला तर जी आणि ई परत एकमेकांना चिकटतात आणि सगळं फुकट जातं. हे एकदा पटलं की जी-ई-यू किंवा जी-आय-यू असं लिहिणाऱ्याचा हात स्वतःच थांबतो.

गेसची गंमत म्हणजे मध्ययुगीन इंग्रजीत त्यात यू नव्हताच. जी-ई असंच लिहीत असत, आणि फ्रेंच पद्धत बघून 16व्या शतकाच्या सुमारास त्यात यू घातला गेला. गेट, गिव्ह, गर्ल, गिफ्ट या शब्दांत मात्र तो कुणी घातला नाही, आणि तरी आपण त्यांना ‘ग’नंच वाचतो. म्हणजे हा नियम एका बाजूनंच चालतो. यू असेल तर कुठे, एवढं तो सांगतो. यू आहे की नाही, हे सांगत नाही. विद्यार्थ्याला ही मर्यादा पहिल्याच दिवशी सांगावी. नाहीतर तो गिफ्टमध्येही यू घालून आणतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

अवघड जोडी गार्ड आणि गॅरंटीची. इथे वरचं कारण लागूच होत नाही. एपुढे जी तसाही ‘ग’च राहतो. गार्डनमध्ये यू नाही आणि कुणी ‘जार्डन’ म्हणत नाही. मग गार्डमध्ये यू करतो काय? आजच्या उच्चारासाठी काहीही नाही. कान त्याची मागणी करत नाही, म्हणून हाताला त्याची जागा कळत नाही. मनात एवढंच उरतं की ‘यात कुठेतरी एक यू आहे’. हात तो जिथे सवयीचा असेल तिथे टाकतो.

आणि सवय कुठली? मी त्याची बिलबुकं चाळली. प्रत्येक बिलाच्या डोक्यावर दुकानाचा पत्ता आणि शेवटी बेळगावचं जुनं इंग्रजी स्पेलिंग : बी-ई-एल-जी-ए-यू-एम. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावचं इंग्रजी नाव बदललं, पण त्याचा हात शाळेपासून जी-ए-यूच लिहीत आला होता. त्याच आठवड्यात मंडळांचे टी-शर्ट आणि बॅनर होते, त्यांत गौरी, गौरव, गौतम. सगळीकडे जी-ए-यू. आपण मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहितो तेव्हा ‘गौ’साठी हीच तीन अक्षरं ओळीनं येतात. ज्या मुलानं दिवसाला 20 वेळा जी-ए-यू लिहिलं, त्याला जॅकेटावरचं जी-ए-यू परकं का वाटावं?

ही चूक फक्त आपल्याकडची आहे असं मी म्हणत नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही गार्ड असाच चुकवतात, कारण ऑगस्ट, ऑथर, बिकॉज अशा शब्दांमुळे ए-यू ही जोडी त्यांच्याही ओळखीची आहे. पण आपल्या भागात या चुकीला आधार देणारी नावं रोजच्या वापरात आहेत. आणि त्यातूनच आपल्याला एक कसोटीही मिळते जी इंग्रजी माणसाला मिळणार नाही. लिहिलेला शब्द मराठी नाव असल्यासारखा वाचायचा. जी-ए-यू-आर-डी म्हणजे ‘गौर्ड’. तोंडातून ‘गौ’ निघाला आणि शब्दात ‘गौ’ नाही, म्हणजे यू चुकीच्या जागी आहे. हे सांगितल्यावर त्यानं जॅकेटाचा फोटो काढून स्वतःच मोठ्यानं ‘सिक्युरिटी गौर्ड’ असं वाचलं. त्या क्षणी त्याला चूक पहिल्यांदा दिसली असं मला वाटतं. तोवर ती त्याला सांगितली गेली होती इतकंच.

चूक दिसणं वेगळं आणि बरोबर जागा लक्षात राहणं वेगळं. त्यासाठी शब्दाच्या इतिहासात जावं लागतं. फार लांब नाही, दुकानाच्या काउंटरपर्यंतच. मिक्सर घ्यायला गेलं की आपण विचारतो, “गॅरंटी हाय का वॉरंटी?” हे दोन शब्द मुळात एकच आहेत. जुन्या जर्मन टोळ्यांच्या बोलीतले ‘व’नं सुरू होणारे बरेच शब्द फ्रान्सात गेले. पॅरिसच्या बाजूच्या फ्रेंचमध्ये त्या ‘व’चा ‘ग्व’ झाला आणि तो जी-यू असा लिहिला जाऊ लागला. पुढे तिथला ‘व’ बोलण्यातून गेला आणि नुसता ‘ग’ राहिला. उत्तरेच्या नॉर्मंडीत मात्र मूळ ‘व’ तसाच टिकला. 1066 मध्ये नॉर्मंडीचे लोक इंग्लंड जिंकून तिथे बसले आणि त्यांच्याबरोबर ‘व’वाले शब्द आले. नंतर ‘ग’वालेही आले. इंग्रजीनं दोन्ही ठेवले. म्हणून वॉर्डन आणि गार्डियन, वॉरंटी आणि गॅरंटी अशा जोड्या आहेत. वॉर्ड इंग्रजीत आधीपासूनच होता, पण तो आणि गार्ड एकाच मुळाचे आहेत, आणि दोघांचा अर्थ अजूनही शेजारी-शेजारी आहे : राखणं, सांभाळणं, हमी घेणं.

म्हणजे गार्डमधला यू हा एचा नाहीच. तो जीचा जोडीदार आहे. जी-यू मिळून एका डब्ल्यूची जागा भरतात, आणि डब्ल्यूच्या नावातच ‘डबल यू’ आहे. दवाखान्यातला वॉर्ड सगळ्यांना लिहिता येतो, कारण त्यात न ऐकू येणारं काही नाही : डब्ल्यू-ए-आर-डी. डब्ल्यू पुसा, त्याच जागी जी-यू लिहा, बाकी काही हलवू नका. जी-यू-ए-आर-डी. ए जिथे होता तिथेच आहे, त्यामुळे यू त्याच्या पलीकडे जाऊच शकत नाही.

मराठी कानासाठी हीच गोष्ट जोडाक्षरात सांगता येते. लिहिताना मनात ‘ग्वार्ड’, ‘ग्वारंटी’, ‘ग्वाइड’, ‘ग्वेस’ म्हणायचं. बोलायचं नाही, फक्त लिहिताना. ग्व हे आपल्याला एक अक्षर वाटतं आणि त्यात व गला चिकटलेला असतो. असं म्हणणं ओढूनताणूनही नाही, कारण लँग्वेजमध्ये हा ‘ग्व’ अजून ऐकू येतो आणि तिथेही अक्षरं जी-यू-ए अशीच आहेत. माझ्या विद्यार्थ्यानं लँग्वेज पहिल्याच फेरीत बरोबर लिहिला होता, कारण तिथे कान मदत करत होता. मी त्याला गार्ड आणि लँग्वेज एकाखाली एक लिहायला लावले आणि जी-यू-ए या तीन अक्षरांना दोन्हीकडे गोल करायला सांगितलं.

आठवड्यानं त्याचे तेच 10 शब्द परत घेतले. गार्ड, गॅरंटी, गिटार बरोबर. पण दोन नवीन चुका आल्या, आणि या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवलं ते त्यांनी.

पहिली चूक गार्डनची. आधी बरोबर लिहिलेल्या गार्डनमध्ये आता यू आला होता. मी कारण विचारलं तर त्याचं उत्तर चोख होतं, “सर, हॉस्टेलचा वॉर्डन आहे की. डब्ल्यू काढून जी-यू घातला.” माझ्या नियमानं त्यानं केलं ते बरोबरच होतं! नियम अर्धवट मी सांगितला होता. अक्षरं बदलून पुढे शब्द तयार झाला एवढ्यानं भागत नाही, अर्थही जुळायला हवा. वॉर्डन म्हणजे सांभाळणारा, त्याचा भाऊ गार्डियन. बागेचा त्याच्याशी संबंध नाही. बागेच्या गार्डनचं नातं यार्डशी आहे, म्हणजे कुंपण घातलेल्या जागेशी. त्यामुळे त्यात डब्ल्यूही नाही आणि यूही नाही. तेव्हापासून मी जोडी देताना अर्थ आधी विचारतो : हा शब्द राखण्याचा किंवा हमीचा आहे का? पत्राखालच्या ‘रिगार्ड्स’मध्ये मात्र हीही कसोटी चालत नाही. तो गार्डच्याच कुळातला आहे, त्याचा ‘व’वाला भाऊ रिवॉर्डही आहे, आणि तरी त्यात यू नाही. तो वेगळा पाठ करावा लागतो, तसं मी सरळ सांगतो.

गॅरंटीच्या शेपटीतही तीच काळजी. वॉरंटीवरून गॅरंटी काढताना फक्त डोकं घ्यायचं. वॉरंटीत आर दोन आहेत, गॅरंटीत एक. वॉरंटीच्या शेवटी वाय आहे, गॅरंटीच्या शेवटी दोन ई. त्याच्या एका कच्च्या कागदावर दोन आर आणि शेवटी वाय असा गॅरंटी मी पाहिला. डोकं बरोबर आणि शेपूट वॉरंटीचं. आता तो ‘जी-यू-ए-आर’ आणि ‘ए-एन-टी-ई-ई’ असे दोन तुकडे करून म्हणतो, मध्ये थांबून.

गाइड आणि गेससाठी असे सख्खे भाऊ हाताशी नाहीत, पण लक्षात ठेवायला जोड मिळते. वाइड म्हणजे रुंद : डब्ल्यूच्या जागी जी-यू घातला की गाइड. वेस्ट म्हणजे पश्चिम : त्यातून गेस्ट, आणि गेस्टमधला शेवटचा टी काढून एस लिहिला की गेस. हे नातं खरं नाही, फक्त आठवणीसाठी आहे, आणि मुलांना तसं स्पष्ट सांगितलं तरी त्यांचं काही अडत नाही.

दुसरी नवीन चूक 10 शब्दांत नव्हती, ती दुकानात सापडली. उद्यमबागेतल्या एका कारखान्यासाठी ‘प्रेशर गेज’ असे स्टिकर छापायचे होते. फाउंड्री आणि मशिन शॉपच्या या भागात गेज हा शब्द पोराटोरांच्या तोंडी आहे : डायल गेज, प्लग गेज, प्रेशर गेज. त्यानं ताज्या उत्साहात जी-यू-ए-जी-ई लिहिलं. पण गेज हा त्या कुळातला शब्दच नाही. तिथे खरोखर ए आधी आणि यू नंतर आहे : जी-ए-यू-जी-ई. जखमेवर ठेवायच्या गॉझचंही तसंच. म्हणजे ज्या सवयीनं गार्ड बिघडवला, तीच सवय गेजमध्ये बरोबर आहे. सुदैवानं छपाईसाठीचा बटर पेपर काढण्याआधी त्यानं फोटो पाठवला.

यावर त्यानंच उपाय काढला. “सर, गेज बेळगावचा,” तो म्हणाला. बेळगावच्या जुन्या स्पेलिंगमधलं जी-ए-यू आणि गेजमधलं जी-ए-यू एकच, आणि गेज इथल्या कारखान्यांत बनतोही, वापरलाही जातो. मला हे फार आवडलं. ज्या शब्दानं त्याचा घात केला, त्यालाच त्यानं योग्य कामाला लावलं.

आता दुकानात कोणतंही इंग्रजी काम फिल्मला जाण्याआधी तो वर्डमध्ये `Ctrl+F` दाबून `gau` शोधतो. सापडलेल्या प्रत्येक जागी तो एकच गोष्ट बघतो : हे गौरी-गौतमसारखं नाव आहे, बेळगाव आहे, गेज-गॉझ आहे, की यांपैकी काहीच नाही? काहीच नसेल तर स्पेलिंग पुन्हा तपासून यू आणि ए यांची अदलाबदल. लहान-मोठी अक्षरं हा शोध वेगळी मानत नाही, म्हणून कॅपिटल मजकूरही सुटत नाही. गळालेला यू मात्र यात सापडत नाही. जी-ए-आरनं सुरू होणारा गॅरंटी या शोधातून आरामात निसटेल, त्याला लाल रेघच पकडेल.

महिन्यानं मी पुन्हा वही-पेन दिलं. गार्ड लिहिताना जीनंतर त्याचा हात अर्धा क्षण थांबला, ओठ हलले आणि यू आला. गॅरंटी दोन तुकड्यांत, बरोबर. गार्डन बिनयूचा. गेज विचारला तेव्हा तो हसला आणि न थांबता लिहिला.

वर्गात त्या मुलीला मी फळ्यावर वॉर्ड लिहून दाखवला आणि डब्ल्यू पुसायला तिलाच बोलावलं. तिनं पुसला, जी-यू लिहिला, आणि मागे वळून विचारलं, “मग वॉचमनचा वॉचही यातलाच का, सर?” वॉचचं नातं वेकशी आहे, जागं राहण्याशी, आणि इंग्रजीत त्याला ‘ग’वाला भाऊ नाही. पण रात्रभर फाटकावर जागणाऱ्या माणसाच्या मुलीनं तो विचारला, म्हणून उरलेला तास आम्ही त्याच शब्दावर घालवला.